रंग जिल्ह्याचा, पाणी दारातलं

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. लोक जागे होईपर्यंत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. दिवस वर आला तेव्हा सोसायट्यांच्या आवारात बोटी फिरत होत्या आणि मदतीला लष्कर बोलवावं लागलं. त्याच सकाळी साडेआठ वाजता शिवाजीनगरच्या वेधशाळेत आदल्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद झाली ११४.१ मिलिमीटर. पुण्यासाठी हा आकडा मोठाच. पण हवामान खात्याच्या मोजपट्टीवर तो फक्त ‘मुसळधार’ या पायरीत बसतो. ‘अतिमुसळधार’ची पायरी ११५.६ मिलिमीटरला सुरू होते, म्हणजे दीड मिलिमीटर कमीच पडला.

मग घरं बुडाली कशानं? त्याच चोवीस तासांत घाटमाथ्यावर ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. तो टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांच्या पाणलोटात उतरला. साखळीतलं शेवटचं धरण खडकवासला हे साठ्याच्या दृष्टीनं लहान आहे, ते झपाट्यानं भरलं आणि पहाटे मुठेत ३५ हजार क्युसेकनं पाणी सोडावं लागलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. लिटरमध्ये मोजलं तर दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. एकतानगरी नदीच्या काठाला आहे. शहरावर किती पाऊस पडला, या प्रश्नापेक्षा घाटात किती पडला हा प्रश्न त्या वस्तीसाठी महत्त्वाचा होता.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात ही माहिती असते, फक्त ती वेगळ्या ओळीत असते. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या जिल्हानिहाय तक्त्यात पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो. पावसाळ्यात अनेकदा ‘पुणे’ पिवळं असतं आणि ‘पुणे घाट’ नारंगी किंवा लाल. व्हॉट्सॲपवर फिरताना त्याचं ‘पुण्याला रेड अलर्ट’ होतं. कोथरूडचा माणूस खिडकीतून बघतो, भुरभुर पाऊस दिसतो, आणि खात्याची टिंगल करून मोकळा होतो. नदीकाठचा माणूस त्याच दिवशी ‘पुणे शहर तर पिवळंच आहे’ म्हणून निश्चिंत झोपतो. दोघांनीही चुकीची ओळ वाचलेली असते.

तक्ता वाचायचा कसा, ते एकदा नीट पाहू. उभ्या रांगेत जिल्हे, आडव्या रांगेत पुढचे पाच दिवस आणि प्रत्येक चौकटीत एक रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. रंगाखाली एक वाक्य असतं आणि खरा मजकूर तिथे असतो: ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’, ‘काही ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार’ वगैरे. यातला प्रत्येक शब्द मोजून टाकलेला आहे. मुसळधार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, अतिमुसळधार ११५.६ ते २०४.४, आणि त्यापुढचा तो अत्यंत मुसळधार. ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव पर्जन्यमापक केंद्रांवर, ‘काही’ म्हणजे पाव ते अर्ध्या केंद्रांवर. त्याच्या पुढे ‘बऱ्याच’ आणि ‘बहुतांश’ या दोन पायऱ्या येतात.

साधारणपणे तुरळक मुसळधार पावसाच्या शक्यतेला पिवळा रंग मिळतो, तुरळक अतिमुसळधारला नारंगी, आणि अत्यंत मुसळधारची शक्यता दिसली की लाल. पण हे गणित यांत्रिक नाही. पाऊस येण्याची शक्यता किती आणि आला तर फटका किती बसेल, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. आधीच चार दिवस भिजून चिंब झालेल्या डोंगरउतारावर आणि कोरड्या माळरानावर सारखाच पाऊस सारखं नुकसान करत नाही. त्यामुळे लाल रंग दिसला म्हणून २०४ मिलिमीटर पाऊस ‘होणारच’ असं धरणं चूक, आणि तेवढा झाला नाही म्हणून अंदाज साफ फसला असं म्हणणंही घाईचं.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द लोक वाचताना गाळतात, आणि निम्मा गैरसमज तिथेच होतो. जिल्ह्यात दहा पर्जन्यमापक असतील तर त्यातल्या दोघांवर जोराचा पाऊस झाला आणि आठ जण सुकेच राहिले, तरी इशारा बरोबर ठरतो. पाऊस किती स्थानिक असू शकतो याचं मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरातल्या या दोन वेधशाळा. त्या दिवशी कुलाब्यात राहणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं ‘पाऊस बरा होता’ एवढंच सांगितलं असतं.

आता मिलिमीटर. हा आकडा ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, पण हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर अतिमुसळधारच्या उंबरठ्याएवढा पाऊस झाला तर साडेअकरा हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर भरून वर उरेल इतकं पाणी त्या गच्चीच्या दोन-तीन पन्हाळ्यांतून खाली उतरायचं असतं. पन्हाळीच्या तोंडाशी पिंपळाची पानं, कबुतरांची पिसं आणि प्लास्टिकची पिशवी अडकलेली असली की ते गच्चीवरच तुंबतं, आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. पिवळा रंग दिसला त्या संध्याकाळी गच्चीवर एक फेरी मारली तर हे काम दहा मिनिटांचं असतं. लाल रंगात, वाऱ्यापावसात तिथे चढण्यात शहाणपण नाही.

रंगातून एक गोष्ट मात्र कळत नाही, आणि शहरात राहणाऱ्याला नेमकी तीच हवी असते: पाऊस किती वेळात पडणार? शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर मुंबईला त्याचं काही वाटत नाही. तोच दोन तासांत कोसळला तर हिंदमाता आणि अंधेरी सबवे पाण्याखाली जातात. कारण गटारांचं माप तासाचं असतं. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, तीही ओहोटी आहे असं धरून. पुढे सुधारणेच्या प्रकल्पात ताशी ५० मिलिमीटर हे उद्दिष्ट ठेवलं गेलं. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी उलट आत येऊ नये म्हणून काही ठिकाणी झडपा बंद कराव्या लागतात, आणि मग शहरातलं पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकायचं एवढाच मार्ग उरतो. म्हणून मुंबईच्या प्रवाशानं रंगाच्या जोडीनं भरतीची वेळ बघायला हवी. महापालिका ती रोज जाहीर करते. दुपारी साडेचार मीटरहून मोठी भरती आहे आणि इशारा नारंगी आहे, तर ऐन भरतीच्या सुमाराला शीव-कुर्ला पट्ट्यातून जाण्याचा बेत आखू नये.

दुसरी अडचण वेळेची. खात्याचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. सोमवारचा नारंगी म्हणजे सोमवारच्या कार्यालयीन वेळेचा नारंगी असं नाही. तो सगळा पाऊस मंगळवारी पहाटे तीनला पडला तरी तो सोमवारच्याच खात्यात जातो. सोमवारी संध्याकाळी कोरड्या रस्त्यावरून घरी आलेला माणूस ‘अलर्ट फुकट गेला’ असं म्हणत झोपतो, तेव्हा इशाऱ्याचे बारा-तेरा तास अजून शिल्लक असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत हे सगळं एकाच वेळी पाहायला मिळालं. १८ ऑगस्टला, सोमवारी, सकाळी मुलं शाळेत पोचल्यावर पाऊस वाढला, इशारा लाल झाला आणि महापालिकेनं दुपारच्या सत्राच्या शाळांना सुटी दिली. सकाळच्या सत्रातली मुलं मात्र आधीच बाहेर पडलेली होती. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत विक्रोळीला अडीचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, सांताक्रूझला २३८, आणि कुलाब्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. मंगळवारी मिठी नदी चढली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून सुमारे साडेतीनशे लोकांना हलवावं लागलं. हार्बर मार्ग बंद पडला, मध्य रेल्वेची मुख्य लाइनही काही तास थांबली.

त्या दिवशीची संध्याकाळ प्रवाशांनी खास लक्षात ठेवावी अशी आहे. हार्बरच्या गाड्या बंद म्हणून लोक मोनोरेलकडे वळले. गर्दी क्षमतेच्या पलीकडे गेली आणि एक गाडी दोन स्थानकांच्या मध्ये, उंचावर अडकून पडली. वीज गेली, वातानुकूलन थांबलं आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलानं शिडीच्या गाड्या लावून बाहेर काढलं. मोनोरेलचा मार्ग पाण्याखाली गेलेला नव्हता. पाणी दुसऱ्याच रुळांवर होतं, त्याचं ओझं इथे येऊन पडलं. लाल इशाऱ्याच्या दिवशी नेहमीची गाडी बंद पडली की पर्यायी वाहन हीच नवी अडचण होते. अशा वेळी कार्यालयात, नातेवाइकाकडे किंवा मोठ्या स्थानकावर दोन-तीन तास काढणं हे घरी पोचण्याच्या धडपडीपेक्षा बहुतेक वेळा बरं असतं. भरती उतरली आणि पाऊस थांबला की रुळांवरचं पाणी बऱ्याचदा काही तासांत ओसरतं.

रोजच्या प्रवाशानं तीन वेगवेगळे अंदाज तीन वेगवेगळ्या वेळी बघावेत. आदल्या संध्याकाळी जिल्हानिहाय तक्ता: उद्या जायचं की नाही, घरून काम मागून घ्यायचं का, हे ठरवायला. सकाळी निघण्याआधी ‘नाउकास्ट’, म्हणजे पुढच्या तीनेक तासांचा तात्कालिक इशारा. त्यालाही हेच चार रंग असतात, पण त्याची मुदत तेवढ्या तासांपुरतीच. तो स्क्रीनशॉट दुपारी पुढे पाठवण्यात अर्थ नाही, आणि गटागटांतून फिरणारे निम्मे इशारे असेच शिळे झालेले असतात. तिसरं म्हणजे रडारचं चित्र, कार्यालयातून निघताना. हे सगळं mausam.imd.gov.in वर मिळतं.

रडारच्या चित्रात मात्र एक गफलत होते. तिथेही पिवळा, नारंगी, लाल असे पट्टे दिसतात, पण ते इशारे नसतात. ढगातून परत आलेला लहरींचा प्रतिसाद किती तीव्र, एवढंच ते रंग सांगतात. त्याहून गमतीदार प्रकार खात्याच्या पर्जन्य-तफावतीच्या नकाशात आहे. हंगामात सरासरीच्या तुलनेत कुठे किती पाऊस झाला, ते तो दाखवतो. त्यात लाल रंग म्हणजे पावसाची तूट आणि पिवळा म्हणजे त्याहूनही मोठी तूट. भरपूर पाऊस झालेले जिल्हे तिथे निळे असतात. दुष्काळाच्या वर्षात हा नकाशा ‘मराठवाड्यात रेड अलर्ट’ म्हणून फिरला तर नवल वाटायला नको.

मराठवाडा आणि विदर्भाचा पिवळा रंगही कोकणातल्या पिवळ्याहून वेगळा वाचावा लागतो. लातूर, यवतमाळकडे जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरअखेर जो पिवळा येतो, तो अनेकदा पावसाच्या मिलिमीटरसाठी नसतोच. ‘विजांच्या कडकडाटासह, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगानं सोसाट्याचा वारा’ असं वाक्य त्याच्याखाली असतं. पाऊस पंधरा मिनिटांचा असेल, पण शेतात उभ्या असलेल्या माणसाला ती पंधरा मिनिटंच घातक असतात. अशा पिवळ्या दिवशी दुपारनंतरची शेतातली कामं आटोपती घ्यावीत, झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असला की सूचना देतं.

नारंगी रंगाचं काय करायचं, हा प्रश्न घराघरांत सर्वात जास्त गोंधळाचा. लाल असला की निर्णय सोपा असतो, बाहेर पडायचं नाही. पिवळा असला की छत्री घ्यायची आणि अधूनमधून बातम्या बघायच्या. नारंगीचा अर्थ ‘तयारी आज उरकून ठेवा’ असा आहे, आणि ही तयारी अगदी साधी असते. गाडी तळघरातून किंवा सखल आवारातून काढून उंचावर लावायची. ती बुडालीच, तर पाणी उतरल्यावर चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना ते सुरू केलं की पिस्टन पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचं बिल कैक पटींनी वाढतं. टोचन करून गॅरेजला न्यायची. सोसायटीत पाण्याचा पंप तळघरात असेल तर गच्चीवरची टाकी आदल्या रात्रीच भरून घ्यायची, कारण पंपाच्या खोलीत पाणी शिरलं की वीज असूनही नळ कोरडे पडतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचू लागलं तर केबिन वरच्या मजल्यावर नेऊन लिफ्ट बंद करायची.

विजेच्या बाबतीत मात्र थांबायला जागा नाही. मीटरची पेटी तळमजल्यावर असेल आणि पाणी त्या दिशेनं चढत असेल, तर पाय कोरडे असेपर्यंतच मेन स्विच बंद करायचा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही, वीज कंपनीला कळवायचं. पुण्यात त्याच २५ जुलैच्या पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्यानं दगावले.

शाळेचा प्रश्न लाल रंग दिसताच दर घरात निघतो. हवामान खातं सुटी देत नाही. ते इशारा देतं. सुटीचा निर्णय जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त घेतात, तोही कधी रात्री उशिरा, कधी सकाळी. आणि तो फसतोही. ८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत काही भागांत सहा तासांत तीनशे मिलिमीटर पाऊस झाला, लोकल कोलमडली. दुसऱ्या दिवसासाठी लाल इशारा आला, शाळा बंद ठेवल्या गेल्या, आणि त्या दिवशी पावसानं शहराकडे जवळजवळ पाठच फिरवली. पालक चिडले. पण किनाऱ्याला समांतर असलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यात जोरदार ढगांचे पुंजके बनतात ते काही किलोमीटरांचे, आणि ते पंधरा-वीस किलोमीटर समुद्राच्या बाजूला सरकले तरी शहर कोरडं राहतं. कोणत्या जिल्ह्यात धोका आहे हे आदल्या दिवशी बऱ्यापैकी सांगता येतं. कोणत्या उपनगरावर किती वाजता कोसळेल हे तेव्हा सांगता येत नाही. ते काम रडारचं आणि तात्कालिक इशाऱ्याचं.

आणखी एक मर्यादा नदीकाठच्यांनी ओळखून असावी. पावसाचा इशारा पावसापुरता असतो, पुराचा हिशोब वेगळा चालतो. सांगलीत आकाश निरभ्र असताना कृष्णा चढू शकते, कारण पाणी येतं ते महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटातून, वारणेतून. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा धोक्याची पातळी होती ४५ फूट. त्यामुळे सांगलीतला अनुभवी माणूस स्वतःच्या जिल्ह्याची चौकट शेवटी बघतो. आधी ‘सातारा घाट’ लाल आहे का आणि तो सलग किती दिवस आहे, मग कोयनेतून किती क्युसेक सोडलेत, आणि मग आयर्विनवरचे फूट. तक्त्यातला सांगलीचा रंग तेव्हा पिवळाही असू शकतो, आणि तरी गावभागातली माणसं सामान माळ्यावर चढवायला लागलेली असतात.